खून, सदोष मनुष्यवध की हयगय? उद्देश आणि जाणीव तपासून उत्तर कसं लिहायचं

आधी प्रश्न बघू. करवीर तालुक्यातल्या एका गावात मोटारीच्या पाण्याच्या पाळीवरून संध्याकाळी अ आणि ब यांची बांधावर बाचाबाची झाली. शिवीगाळ झाली आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले. अर्ध्या तासानं अ घरून खोऱ्याचा लाकडी दांडा घेऊन परत आला. ब एकटाच दारं मोडत उभा होता, हातात काही नव्हतं. ‘बघतो आता पाणी कसं धरतोस,’ असं म्हणत अ नं त्याच्या दोन्ही पायांवर आणि हातांवर दहा-बारा फटके मारले. डोकं, छाती, पोट यांना दांडा लागू दिला नाही. घरच्यांनी ब ला आधी गावातल्या हाडवैद्याकडे नेलं, मग मध्यरात्री कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शवविच्छेदन अहवाल सांगतो : दोन्ही पायांची आणि एका हाताची हाडं मोडलेली, मृत्यू रक्तस्राव आणि शॉकमुळे, सगळ्या दुखापती एकत्रितपणे निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशा. अ नं कोणता गुन्हा केला?

बरेच विद्यार्थी इथे पहिल्याच ओळीत लिहितात की अ ला मारायचं नव्हतं, त्यानं मर्मस्थानावर घाव घातला नाही, म्हणून हा खून नाही. उत्तर चुकतं, आणि चुकण्याचं कारण कलमं पाठ नसणं हे नसतं. ‘जीव घेण्याचा उद्देश’ ही खुनाची एकमेव वाट आहे असं डोक्यात बसलेलं असतं. खुनाला चार दारं आहेत. त्यातल्या तिसऱ्या दारातून आत येणाऱ्या माणसाला कुणी मरावं असं वाटतही नसतं.

कलमांची जागा आधी पक्की करा

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. घटना त्या तारखेची किंवा त्यानंतरची असेल तर संहिता लागू होते, आधीची असेल तर भारतीय दंड संहिता. खटला आज चालू असला तरी हाच नियम. प्रश्नात तारीख दिली असेल तर ती उगीच दिलेली नसते. सदोष मनुष्यवधाची व्याख्या पूर्वी कलम 299 मध्ये होती, आता 100 मध्ये आहे. खून 300 मधून 101 मध्ये गेला. खुनाची शिक्षा 302 ऐवजी 103, खून नसलेल्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा 304 ऐवजी 105, आणि हयगयीने मृत्यू घडवणं 304-अ ऐवजी 106. जुने निवाडे जुन्या कलमांवरचे असले तरी व्याख्यांचा गाभा तोच राहिल्यामुळे ते उत्तरात चालतात. ‘जुने 300, आता 101’ एवढं एकदा लिहिलं की पुरे.

आता व्याख्यांच्या आतली वीण. कलम 100 मध्ये तीन मनःस्थिती आहेत : मृत्यू घडवण्याचा उद्देश, ज्यामुळे मृत्यू येण्याचा संभव आहे अशी शारीरिक दुखापत करण्याचा उद्देश, आणि आपल्या कृतीमुळे मृत्यू येण्याचा संभव आहे ही जाणीव. कलम 101 मध्ये चार आहेत. पहिली, मृत्यू घडवण्याचा उद्देश. दुसरी, या विशिष्ट माणसाला मृत्यू येण्याचा संभव आहे हे माहीत असताना तशी दुखापत करण्याचा उद्देश. तिसरी, दुखापत करण्याचा उद्देश, आणि ती उद्देशलेली दुखापत निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी असणं. चौथी, कृती इतकी तातडीची धोकादायक आहे की तिच्यामुळे बहुतेक निश्चितपणे मृत्यू येईल, किंवा मृत्यूचा संभव असलेली दुखापत होईल, हे माहीत असूनही जोखीम पत्करण्याला कसलंही समर्थन नसताना ती कृती करणं.

दोन्ही कलमं शेजारी ठेवली की दिसतं की प्रत्येक खून हा आधी सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. आणि फरक दोनच गोष्टींचा आहे. माणसाला काय हवं होतं आणि काय माहीत होतं, हा पहिला. मृत्यूची शक्यता किती दाट होती, हा दुसरा. हत्यार कोणतं, घाव किती, जागा कोणती, या गोष्टी या दोन प्रश्नांचा पुरावा म्हणून येतात. त्यांनाच कसोटी मानून उत्तर सुरू केलं की ते भरकटतं.

तपासण्याचा क्रम

सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध रायवरपू पुन्नय्या या 1976 च्या निवाड्यात जो क्रम सांगितला, तोच उत्तराचा सांगाडा करावा. आरोपीच्या कृतीमुळे मृत्यू आला का? आला असेल तर कृती कलम 100 मध्ये बसते का? बसत असेल तर 101 च्या चारपैकी एखाद्या दारातून आत जाते का? जात असेल तर एखादा अपवाद तिला परत बाहेर आणतो का? या क्रमानं गेलं की शिक्षेचं कलम आपोआप हाती लागतं. उलट्या दिशेनं, म्हणजे ‘खून आहे की नाही’ इथून सुरुवात केली की मधली पायरी हमखास सुटते, आणि परीक्षकाचे गुण त्या मधल्या पायरीलाच असतात.

पाण्याच्या पाळीचा प्रश्न याच क्रमानं सोडवू.

पहिली पायरी, कार्यकारणभाव. इथे हाडवैद्याचा मुद्दा मुद्दाम पेरलेला आहे. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर ब वाचला असता, हा बचाव येणार. कलम 100 चं दुसरं स्पष्टीकरण त्यासाठीच आहे : योग्य उपाय आणि कुशल उपचार यांनी मृत्यू टळला असता तरी, दुखापत करणाऱ्यानंच मृत्यू घडवला असं मानलं जातं. दोन वाक्यांत हे संपवा. यावर पान खर्च करणं म्हणजे पेरलेल्या मुद्द्याच्या मागे धावत प्रश्न विसरणं.

दुसरी पायरी, कलम 100. दहा-बारा फटक्यांनी तीन हातपाय मोडणं ही मृत्यूचा संभव असलेली दुखापत आहे, आणि ती करायचीच होती. कलम 100 चा दुसरा भाग लागू.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. पहिलं दार बंद आहे, कारण ‘पाणी कसं धरतोस’ हे शब्द आणि मर्मस्थानं टाळणं यावरून हातपाय निकामी करण्याचा उद्देश दिसतो, जीव घेण्याचा नाही. दुसरं दार बंद, कारण ब च्या शरीरात काही खास कमजोरी होती आणि अ ला ती माहीत होती, असं प्रश्नात कुठेच नाही. उरतं तिसरं.

तिसरं दार : विरसा सिंगच्या चार पायऱ्या

विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1958 च्या खटल्यात भाल्याचा एकच वार होता. तो पोटाच्या भिंतीतून आत गेला होता, आतड्याची वेटोळी बाहेर आली होती, आणि जखमी तरुण दुसऱ्या दिवशी मरण पावला. बचाव असा होता की मृत्यूस पुरेशी दुखापत करण्याचा आरोपीचा उद्देश सिद्ध झालेला नाही. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तिसऱ्या खंडाचं वाक्य मधोमध फोडून दाखवलं. उद्देश फक्त दुखापतीला जोडलेला आहे. ती दुखापत मृत्यूस पुरेशी आहे की नाही हा वैद्यकीय, वस्तुनिष्ठ प्रश्न आहे, आणि आरोपीला ते माहीत होतं का हे विचारायचंच नाही.

म्हणून सरकार पक्षानं चार गोष्टी दाखवायच्या. दुखापत झाली आहे. ती कशी आणि कुठली आहे. नेमकी तीच दुखापत करायची होती, म्हणजे ती अपघातानं किंवा नकळत झालेली नाही आणि दुसऱ्याच कुठल्या प्रकारची दुखापत करायची होती असंही नाही. आणि शेवटी, ती निसर्गक्रमानुसार मृत्यूस पुरेशी आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पायरीला पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल उत्तर देतात. वाद होतो तो तिसऱ्या पायरीवर, म्हणून उत्तरातही जागा तिलाच द्या.

तिसरी पायरी प्रत्यक्षात कशी तपासायची ते असं. अ नं मांडीवर मारायला दांडा उगारला, ब घसरून खाली बसला आणि तोच फटका डोक्यात बसला, असं समजा. डोक्याची दुखापत मृत्यूस पुरेशी आहे, पण ती करायची नव्हती. साखळी तुटली, तिसरं दार बंद. आपल्या मूळ प्रश्नात तसं काही नाही. दहा-बारा फटके, सगळे हातापायांवर, सगळे जाणूनबुजून. मोडलेली हाडं हीच उद्देशलेली दुखापत. अहवाल म्हणतो पुरेशी. म्हणजे तिसऱ्या खंडाखाली खून.

पुन्नय्या खटला इथे नुसता क्रमासाठी नाही, तथ्यांसाठीही उपयोगी आहे. तिथेही जड काठ्यांनी हातापायांवर मारहाण झाली होती, एकोणीस दुखापती होत्या, मर्मस्थान टाळलेलं होतं. उच्च न्यायालयानं गुन्हा खाली आणला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा खुनात नेला. ‘मर्मस्थानावर घाव नाही म्हणून खून नाही’ या समजुतीला याहून थेट उत्तर नाही.

चौथी पायरी, अपवाद. गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा पहिला अपवाद चालणार नाही, कारण अर्ध्या तासात राग निवायला अवधी मिळाला आणि अ घरी जाऊन दांडा घेऊन आला. इथे नानावटी खटल्याचा 1961 चा निवाडा द्या. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते आणि मधल्या वेळात रिव्हॉल्व्हर मिळवलं गेलं होतं. अवधीच्या मिनिटांपेक्षा त्या अवधीत आरोपीनं काय केलं हे जास्त बोलतं, म्हणून अ घरी जाऊन काय करून आला त्यावर बोट ठेवा. अचानक झालेल्या भांडणाचा चौथा अपवादही नाही, कारण भांडण संपलेलं होतं, दुसऱ्यांदा झाला तो एकतर्फी हल्ला, आणि पूर्वतयारी होती.

निष्कर्ष : कलम 101, तिसरा खंड, शिक्षा कलम 103(1) खाली, म्हणजे मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि द्रव्यदंड.

‘संभव’ आणि ‘पुरेशी’ यांतलं अंतर

याच प्रश्नातला एक शब्द बदलून बघा. अहवालात ‘मृत्यू येण्यास पुरेशा’ ऐवजी ‘मृत्यू येण्याचा संभव असलेल्या’ असं आलं तर? उद्देश तोच, फटके तेच. पण तिसऱ्या दाराची चौथी पायरी कोसळते. गुन्हा कलम 100 च्या दुसऱ्या भागात राहतो आणि शिक्षा कलम 105 च्या पहिल्या भागाखाली जाते : जन्मठेप, किंवा किमान पाच ते कमाल दहा वर्षं कारावास, आणि द्रव्यदंड. ही पाच वर्षांची किमान मर्यादा नवी आहे, जुन्या 304 मध्ये ती नव्हती. हा बदल उत्तरात एका वाक्यात नोंदवा.

संभव म्हणजे मृत्यू येऊ शकेल, आला तर नवल नाही. पुरेशी म्हणजे उपचार नसते तर मृत्यू हाच सहज येणारा परिणाम. ही पायरी आपल्या उच्च न्यायालयानंच फार पूर्वी, 1876 च्या रेग विरुद्ध गोविंदा खटल्यात दाखवली. अठरा वर्षांच्या नवऱ्यानं पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडून छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मुलगी मेली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी म्हटलं की जीव घेण्याचा उद्देश दिसत नाही आणि मुठीचे ठोसे सर्वसाधारणपणे मृत्यूस पुरेसे नसतात, पण मृत्यूचा संभव असलेली दुखापत तर नक्की होती. म्हणून सदोष मनुष्यवध, खून नाही. त्या मुलीचं वय वाचताना मन हलतं. उत्तरात मात्र याच निवाड्यातली दोन्ही कलमांची शेजारी-शेजारी मांडणी वापरायची असते.

दुसरं दारही इथेच समजून घ्या. त्याच बांधावर अ नं नुसता एक ठोसा मारला, पण दोन महिन्यांपूर्वी ब च्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि भावकीतला असल्यामुळे अ ला ते माहीत होतं. धडधाकट माणूस त्या ठोशानं मेला नसता. तरीही, या माणसाला मृत्यू येण्याचा संभव आहे हे माहीत असताना मुद्दाम त्याच जागी मारलं असेल, तर दुसऱ्या खंडाखाली खून. माहीत नसेल तर नाही. या दारात आरोपीची खास जाणीव हीच किल्ली आहे. तिसऱ्या दारात जाणीव विचारायचीच नसते. विद्यार्थी नेमकी याची अदलाबदल करतात.

आता खाली उतरू. समजा अ नं नडगीवर एकच फटका मारला, हाड मोडलं, आणि चार दिवसांनी चरबीचा कण रक्तातून फुप्फुसात जाऊन ब मेला. हाड मोडणं उद्देशलेलं होतं, मृत्यू त्या दुखापतीचा सहज परिणाम नव्हे, आणि मृत्यूचा संभव आहे ही जाणीवही दाखवता येत नाही. मग कलम 100 च लागत नाही. गुन्हा जबर दुखापतीचा, शिक्षा कलम 117(2). इथे ‘जीव तर गेलाय, मग किमान 106 तरी’ असं लिहू नका. कलम 106 बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीसाठी आहे, मुद्दाम केलेल्या हल्ल्यासाठी नाही. हल्ला हेतुपुरस्सर असेल आणि मृत्यू उद्देशात किंवा जाणिवेत बसत नसेल, तर माणूस दुखापतीच्या कलमांकडे जातो. ही चूक चांगल्या उत्तरपत्रिकांतही सापडते.

आणि भांडण पहिल्याच वेळी पेटलं असतं तर? दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, झटापटीत अ नं शेजारी पडलेला दांडा उचलून ब च्या डोक्यात एक घाव घातला, तो मृत्यूस पुरेसा ठरला. तिसरं दार उघडतं, पण चौथा अपवाद त्याला बाहेर काढतो : पूर्वतयारी नाही, भांडण अचानक, रागाच्या भरात कृती, आणि गैरफायदा किंवा क्रूर, असामान्य वागणं नाही. आधी हात कुणी उचलला हे बघायचं नसतं, अपवादाचं स्पष्टीकरणच तसं सांगतं. शिक्षा 105 चा पहिला भाग, कारण अपवाद लागला तरी उद्देश पुसला जात नाही. ब खाली कोसळल्यावरही अ मारत राहिला असता तर ‘गैरफायदा’ आला आणि अपवाद गेला.

जाणिवेची बाजू : एकच तार, चार उत्तरं

आतापर्यंत उद्देशाची शिडी बघितली. जाणिवेची शिडी दुसऱ्या प्रश्नावर बघू, कारण तिथे कुणालाच मारायचं नसतं.

राधानगरी, आजरा, चंदगडकडे रानडुकरं आणि गवे उभं पीक तुडवतात. क नं उसाभोवती उघडी तार ओढून तिच्यात घरातल्या जोडणीतून वीज सोडली. पहाटे शेजारचा एक माणूस तारेला चिकटून मेला. गुन्हा कोणता? उत्तर तारेत नाही, क च्या डोक्यात काय होतं यात आहे.

पहिली स्थिती. तार क च्या स्वतःच्या शेतात, वाटेपासून लांब. माणसं रात्री तिथून जात नाहीत. पण फलक नाही, कंदील नाही, कुणाला सांगितलेलं नाही. माणूस येऊ शकतो याचा विचार करायला हवा होता, तो केला नाही. ही हयगय. कलम 106(1), पाच वर्षांपर्यंत कारावास आणि द्रव्यदंड. जुन्या 304-अ मध्ये कमाल दोनच वर्षं होती. मेलेला माणूस विनापरवाना शेतात शिरला होता हा बचाव टिकत नाही. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या 1963 च्या खटल्यात संडासाभोवती विजेची तार लावणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं 304-अ खाली दोषीच धरलं. आगंतुक आला म्हणून त्याचा जीव जाईल असा सापळा लावता येत नाही.

दुसरी स्थिती. तार पाणंदीला अगदी लागून. गेल्या आठवड्यात एका गुराख्याला धक्का बसून तो फेकला गेला, लोकांनी क ला बजावलं, आणि तरीही त्यानं त्या रात्री बटण दाबलं. आता ‘लक्षात आलं नाही’ म्हणता येत नाही. मृत्यूचा संभव आहे ही जाणीव आली. कलम 100 चा तिसरा भाग, शिक्षा 105 चा दुसरा भाग : दहा वर्षांपर्यंत कारावास आणि द्रव्यदंड. कलम 106 आणि 105 यांच्यामधली सीमारेषा ही इथे आहे. बेदरकार माणसालाही धोका अंधुकपणे दिसत असतो, पण तो ‘काही होणार नाही’ असं धरून चालतो. 105 च्या दुसऱ्या भागात धोका तथ्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर आणून ठेवलेला असतो. म्हणून उत्तरात ‘जाणीव होती’ एवढं लिहून थांबू नका, ती कुठून आली ते तथ्य दाखवा : आधीचा धक्का, लोकांचं बजावणं, पाणंदीची वर्दळ. वाहनाच्या प्रश्नातही हेच. मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा जीव घेणाऱ्या अपघाताच्या खटल्यात, अॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये 304 च्या दुसऱ्या भागाखालची शिक्षा कायम केली. दारूच्या अमलाखाली भरधाव गाडी चालवण्यातली जाणीव हा त्यामागचा आधार होता.

तिसरी स्थिती. पहाटे ऊसतोडीची टोळी त्या फडात शिरणार हे क ला माहीत आहे. बैलगाड्या बांधाला लागलेल्या त्याला दिसतात. ‘तोड थांबली पाहिजे’ एवढ्यासाठी तो प्रवाह सोडतो. कुणी एक ठरावीक माणूस मरावा असा उद्देश नाही. पण ओल्या शेतात उघड्या तारेवर माणसं जाणार, म्हणजे बहुतेक निश्चितपणे जीव जाणार, आणि ही जोखीम पत्करण्याला कसलंही समर्थन नाही. हे चौथं दार, म्हणजे खून. संहितेतलं गर्दीवर भरलेली तोफ डागण्याचं उदाहरण याच जातीचं आहे. ‘जाणीव म्हणजे 105 चा दुसरा भाग’ असं सूत्र पाठ केलेले विद्यार्थी इथे फसतात. 105 च्या जाणिवेत मृत्यूचा संभव असतो. 101 च्या चौथ्या खंडातल्या जाणिवेत मृत्यू जवळजवळ ठरलेला असतो, आणि समर्थन अजिबात नसतं. ‘समर्थन नसताना’ हे शब्द उत्तरात सोडू नका, तो स्वतंत्र घटक आहे.

चौथ्या स्थितीला एक ओळ पुरे : विशिष्ट शेजारी रोज पहाटे त्याच ठिकाणी येतो हे हेरून, तो मरावा म्हणून तार लावली, तर पहिलं दार.

कलम 106 मधल्या दोन जागा

मान्यताप्राप्त वैद्यकीय व्यवसायीनं उपचार करताना हयगय केली तर 106(1) मध्येच शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास आणि द्रव्यदंड आहे. डॉक्टरच्या प्रश्नात जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य हा 2005 चा निवाडा लागतो : फौजदारी जबाबदारीसाठी हयगय ढळढळीत, गंभीर स्वरूपाची हवी, निर्णयातली साधी चूक पुरत नाही. दुसरी जागा 106(2). अपघात करून पोलीस किंवा दंडाधिकारी यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची ती तरतूद आहे. संहिता लागू करणाऱ्या अधिसूचनेतून हे पोटकलम वगळलं गेलं. म्हणून वाहन अपघाताच्या प्रश्नात त्यावर निष्कर्ष बांधू नका, 106(1) वर बांधा.

कागदावर उतरवताना

मोठ्या प्रश्नासाठी अर्धा तास असेल तर पहिली पाच मिनिटं लिहू नका. कच्च्या जागेत प्रत्येक तथ्यासमोर ‘उद्देश’, ‘जाणीव’ किंवा ‘शक्यता’ यांतलं काय ते सिद्ध करतं ते टिपा. दांडा घरून आणला : पूर्वतयारी. मर्मस्थान टाळलं : पहिलं दार नाही. अहवालातला ‘पुरेशा’ शब्द : तिसऱ्या दाराची चौथी पायरी. प्रश्नातलं एखादं तथ्य कुठेच बसलं नाही तर थांबा, बहुधा तुमची एक पायरी राहिली आहे.

व्याख्या संपूर्ण उतरवून काढू नका. लागू होणारा खंड पूर्ण शब्दांत द्या, बाकीची दारं का बंद आहेत ते एकेका वाक्यात. उद्देश कशावरून ठरवला हेही लिहायचं असतं. पुलिचेर्ला नागराजू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या 2006 च्या निवाड्यात त्याचे धागे दिलेत : हत्यार कसलं, ते सोबत आणलं की तिथेच उचललं, घाव शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोराचा, किती वेळा, आधीचं वैर, बोललेले शब्द. सगळे लिहायचे नसतात. तुमच्या प्रश्नात असलेले दोन-तीन उचला.

प्रश्नात शवविच्छेदनाचा निष्कर्ष दिलेलाच नसेल तर स्वतः तो बनवू नका. दोन्ही शक्यता सोडवा : दुखापत पुरेशी ठरली तर 103, फक्त संभव असलेली ठरली तर 105 चा पहिला भाग. यात गुण जात नाहीत, उलट तुम्हाला सांधा कुठे आहे ते कळलंय हे दिसतं.

गाभ्याचा परिच्छेद साधारण असा उतरावा : ‘अ याने ब च्या हातापायांवर दांड्याने वारंवार प्रहार केले. हाडे मोडण्याची दुखापत अपघाताने झालेली नसून अ ला तीच करायची होती. वैद्यकीय अहवालानुसार ती निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी होती. ती पुरेशी आहे हे अ ला माहीत होते काय, हा प्रश्न विरसा सिंग निवाड्यानुसार गैरलागू आहे. मर्मस्थान टाळल्याने कलम 101 चा पहिला खंड लागत नाही, मात्र तिसऱ्या खंडाला त्याने बाधा येत नाही (पुन्नय्या). मधल्या अर्ध्या तासात अ ने घरून दांडा आणला, त्यामुळे पहिला व चौथा अपवाद उपलब्ध नाहीत.’

शेवटच्या ओळीत गुन्ह्याचं नाव, व्याख्येचं कलम आणि खंड, शिक्षेचं कलम आणि 105 असेल तर त्याचा भाग, हे चारही यायला हवेत. ‘अ दोषी आहे’ ही ओळ अपुरी. ‘अ याने कलम 101 च्या तिसऱ्या खंडाखाली खून केला असून तो कलम 103(1) खाली शिक्षेस पात्र आहे’ ही पूर्ण.